कातडीला सगळ्यांत शेवटी कळतं
(प्रस्तावना)

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. गेली काही वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जन म्हणून काम करताना मला तिच्यातला जावई फारसा भेटला नाही. भेटतो तो सासरा. दुखणं दोन दिवस धोतरात किंवा पँटीत लपवून ठेवलेला, तिसऱ्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात टाकून आलेला, आणि बहुतेक वेळा मधुमेही.

ही पुस्तिका अशाच एका दुखण्याबद्दल आहे. जागा म्हणजे जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यामधली, अंडकोशाच्या मागची, जांघेला लागून असलेली. स्त्रियांमध्ये योनीच्या बाहेरच्या ओठांभोवतीची. तिथे सूज येते, दुखतं आणि मग कातडी काळवंडू लागते. मधुमेही माणसात या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर ते गळू नसून आतल्या थरांना सडवत जाणारा जंतुसंसर्ग असू शकतो. डॉक्टर त्याला ‘नेक्रोटायझिंग’ संसर्ग म्हणतात, म्हणजे मांस मारत जाणारा. या विशिष्ट जागी झाला की त्याला ‘फोर्निअर्स गँगरीन’ म्हणतात. चांगले उपचार मिळूनही यात साधारण २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात. जे वाचतात ते मुख्यतः एका गोष्टीवर वाचतात: शस्त्रक्रिया किती तास आधी झाली.

पुढची हकीकत दोन-तीन रुग्णांची मिळून केली आहे, कुणाची ओळख पटू नये म्हणून. घटना मात्र अशाच घडतात.

त्यांना काका म्हणू. वय ५७, उसाची शेती, मधुमेह ११ वर्षांचा. गोळ्या नियमित, तपासणी अनियमित. मंगळवारी संध्याकाळी अंघोळ करताना अंडकोशाच्या मागे केसतोड आल्यासारखं हाताला लागलं. बुधवारी मोटारसायकलवर बसवेना. घरात सांगितलं, “बसायला जरा त्रास होतोय, मूळव्याध उठली असेल.” संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांकडे गेले आणि तिथे सांगितलं, “जांघेत गळू आलंय.” डॉक्टरांनी पँट उतरवायला सांगितलं नाही आणि काकांनी उतरवली नाही. दवाखान्यात पंधरा माणसं बसलेली, मध्ये नुसता पडदा. दुखण्याचं इंजेक्शन, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि एक मलम घेऊन काका घरी आले.

इथे त्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळं होता येईल. पण जांघेतलं गळू घेऊन येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा खरोखरच गळूच असतं, आणि पाच दिवसांच्या गोळ्यांनी ते बसतंही. हा आजार तसा दुर्मीळ आहे, म्हणूनच तो सुटतो.

रात्री काकांना हुडहुडी भरली. पहाटे मात्र दुखणं कमी झालं. “उतार पडला,” असं ते म्हणाले आणि घरच्यांना बरं वाटलं. सकाळी चहा अर्धाच घेतला, बोलणं थोडं असंबद्ध वाटलं. दुपारी मुलाने धरून न्हाणीत नेलं तेव्हा त्याने पहिल्यांदा पाहिलं. अंडकोश लहान पपईएवढा सुजलेला, वरची कातडी ताणून तुकतुकीत झालेली आणि मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा एक डाग. तो लाल नव्हता. जांभूळ चिरडल्यासारखा जांभळट आणि मधोमध राखाडी. गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास ते आमच्याकडे आले.

तपासताना मी त्या डागावर सुईचं टोक टेकवलं. “काका, टोचतंय का?”

“नाही डॉक्टर. आता दुखत नाही. कालच्यापेक्षा बरं आहे.”

या आजारात रुग्णाच्या तोंडून येणारं सगळ्यात वाईट वाक्य हेच. ते का, हे समजलं की पुस्तिकेचा गाभा समजला. म्हणून त्यावर जरा थांबू.

मटण घरी आणणाऱ्यांनी मांसाच्या तुकड्यावरची पांढुरकी, पातळ, चिवट झिल्ली पाहिली असेल. माणसाच्या अंगातही कातडी आणि तिच्याखालची चरबी एकीकडे, स्नायू दुसरीकडे, आणि मध्ये अशी झिल्ली असते. तिला फॅशिया म्हणतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठा थोडाच असतो. त्यामुळे जंतू एकदा या थरात पोचले की त्यांना अडवायला पांढऱ्या पेशी पुरेशा येत नाहीत, आणि हा थर सलग असल्याने ते त्याच्या कडेकडेने पसरत जातात. कालव्याच्या भरावात उंदराने पोखरावं तसं. वरून गवत हिरवंच दिसतं.

कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या याच थरातून वर येतात. संसर्ग तिथे पोचला की त्या वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्या बंद पडतात. वरच्या कातडीचं रक्त खालून तोडलं जातं. ती आधी फिकट, मग जांभळट, मग राखाडी-काळी होते. काळवंडलेला डाग ही आजाराची सुरुवात नसते. खाली बरंच काही मेल्यावर वर आलेली ती बातमी असते, आणि कातडीला ती सगळ्यांत शेवटी कळते. वर रुपयाएवढा डाग दिसतो, तेव्हा खाली मेलेला भाग दोन पंजांएवढा असू शकतो.

त्याच थरातून कातडीकडे येणारे मज्जातंतूही मरतात. म्हणून सुरुवातीला दिसण्याच्या मानाने फार जास्त दुखतं आणि नंतर अचानक दुखायचं थांबतं. गळू फुटलं की दुखणं कमी होतं, हा आपला नेहमीचा अनुभव असतो. इथे काहीही फुटलेलं नसताना दुखणं कमी झालं, तर ती जागा बधिर झाली आहे असंच धरावं. मधुमेहाने ज्यांच्या नसा आधीच मंद झाल्या आहेत त्यांना तर सुरुवातीचं जोरदार दुखणंही जाणवत नाही. त्यात बुधवारी दिलेलं दुखण्याचं इंजेक्शन. काकांच्या शरीरातली धोक्याची घंटा दोन ठिकाणांहून बंद केली गेली होती.

याच कारणाने केवळ अँटिबायोटिकने हा आजार बरा होत नाही. औषध रक्तातून जातं आणि जिथे ते पोचायला हवं तिथे जाणाऱ्या वाहिन्याच बंद असतात. मेलेल्या मांसात प्राणवायू नसतो, आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंना तेच आवडतं. इथे सहसा एकच जंतू नसतो. आतड्यातले ई. कोलायसारखे जंतू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात आणि बॅक्टेरॉइड्ससारख्या, प्राणवायू न मानवणाऱ्यांना जागा करून देतात. ते एकमेकांना पोसतात. म्हणून मेलेलं मांस काढून टाकणं हाच मुख्य उपचार ठरतो. अँटिबायोटिक काठावरच्या जिवंत मांसाला वाचवतं आणि रक्तात गेलेल्या जंतूंना मारतं. ते लागतंच, पण त्याच्या भरवशावर सकाळपर्यंत थांबता येत नाही.

पसरण्याला वाटही मोकळी असते. या जागेतली झिल्ली पुढे अंडकोशाच्या आवरणाशी आणि वर पोटाच्या भिंतीतल्या झिल्लीशी सलग जोडलेली आहे. त्यामुळे गुदद्वाराजवळ सुरू झालेला संसर्ग जांघेतून बेंबीपर्यंत, क्वचित छातीपर्यंत चढू शकतो. जोर धरला की तो तासाला दोन-तीन सेंटिमीटर सरकल्याच्याही नोंदी आहेत. वृषण मात्र बहुधा वाचतात, कारण त्यांना रक्त थेट पोटातल्या मुख्य धमनीतून, वेगळ्या वाटेने येतं. रुग्णाला आणि त्याच्या बायकोला हे सांगितलं की शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना हात थोडा कमी थरथरतो.

आता परत काकांकडे येऊ. नाडी १२४, रक्तदाब ९०/६०, श्वास मिनिटाला २६. ताप फक्त ९९.४. रक्तातली साखर २३८. सोबतच्या नातेवाइकांपैकी एक जण म्हणाला, “शुगर अडीचशेच्या आतच आहे, म्हणजे फार नाही.” मी गोळ्यांची पट्टी मागितली. त्यांत डापाग्लिफ्लोझिन होतं. ही गोळी आणि तिच्या बहिणी, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकून काम करतात. त्यामुळे शरीरात आम्लता धोकादायक वाढलेली असतानाही रक्तातली साखर बेताची दिसू शकते. काकांच्या रक्तातले कीटोन तपासले, ते भरपूर वाढलेले होते. साखरेच्या आकड्यावर विसंबलो असतो, तर ते भुलेच्या टेबलावर कोसळले असते.

या गोळ्यांबद्दल अतिशयोक्ती न करता एवढं सांगायला हवं. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, या गटातल्या औषधांवर फोर्निअर्स गँगरीनचा इशारा छापायला लावला. मार्च २०१३ ते मे २०१८ या काळात त्यांच्याकडे असे १२ रुग्ण नोंदले गेले होते: ७ पुरुष, ५ स्त्रिया. सगळ्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक दगावला. ही औषधं घेणाऱ्या लाखो लोकांच्या मानाने १२ हा आकडा फार लहान आहे, आणि मधुमेह हेच मुळात या आजाराचं मोठं कारण असल्याने गोळीचा वाटा किती हे सांगणं अवघड आहे. हृदय आणि मूत्रपिंड यांच्यासाठी या गोळ्या खरोखर उपयोगी आहेत, त्यामुळे हे वाचून कुणी आपली गोळी स्वतःहून बंद करू नये. पण भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि गोळी स्वस्त झाली. आज ती तालुक्याच्या मेडिकलमध्येही सहज मिळते. ती लिहून देताना ‘त्या जागी दुखलं, सुजलं, लाल-काळं झालं तर त्याच दिवशी दाखवा’ हे एक वाक्य रुग्णाला सांगितलं जावं, एवढीच अपेक्षा. आणि संशय आला की ती गोळी त्याच क्षणी थांबवायची.

काकांच्या बाकीच्या तपासण्यांत पांढऱ्या पेशी २३,८००, सोडियम १२८, क्रिएटिनिन २.१. पांढऱ्या पेशी, सोडियम, क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन आणि सीआरपी या सहा आकड्यांवरून गुण देण्याची ‘एलआरआयएनईसी’ नावाची पद्धत २००४ पासून वापरात आहे. गुण जास्त आले तर संशय बळावतो. पण गुण कमी आले म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही, आणि चूक नेमकी इथेच होते. कमी गुण पाहून ‘उद्या बघू’ म्हटलेले रुग्ण दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर असतात. सीटी स्कॅनचंही तेच. आत वायूचे बुडबुडे किंवा झिल्लीत सूज दिसली तर मदत होते. पण रुग्णाचा रक्तदाब ढासळत असताना स्कॅनसाठी दुसऱ्या इमारतीत नेऊन दीड तास घालवणं परवडत नाही. बोटाने दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागणं ही पुस्तकात ठळक दिलेली खूण. तीही सगळ्यांत सापडत नाही.

मग ठरवायचं कसं? संशय पक्का करण्याची खात्रीची जागा ऑपरेशन थिएटर हीच. अडीच-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन झिल्लीपर्यंत जायचं. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. रक्त येतं का. पू येतो की भांडी घासलेल्या पाण्यासारखं राखाडी, वास येणारं पाणी. आणि बोट घातल्यावर चरबी आणि झिल्ली न ओढता सहज सुटतात का. निरोगी माणसात हे थर एकमेकांना घट्ट धरून असतात आणि कापलं की भळाभळा रक्त येतं. छेद घेऊन काही सापडलं नाही, तर रुग्णाला दोन टाके आणि एक बारीक व्रण राहतो. छेद घ्यायला उशीर झाला तर काय होतं ते वर आलंच आहे. दोन चुकांपैकी कोणती करायची, हे ज्याला कळलं त्याला या आजाराचं निदान जमलं.

थिएटर तयार होईपर्यंत पाऊण तास लागणार होता. तेवढ्यात दोन्ही हातांना सलाईन, अँटिबायोटिकचे पहिले डोस, इन्शुलिनची ड्रिप, लघवीची नळी आणि रक्ताची सोय. अँटिबायोटिकही एक नसतं. आतड्यातले जंतू, प्राणवायूशिवाय जगणारे आणि कातडीवरचे हट्टी स्टॅफिलोकोकस, या तिघांना पुरेल अशी जोडी लागते, आणि तिच्यासोबत जंतूंचं विष तयार होणं थांबवण्यासाठी क्लिंडामायसिन. मार्करने मी सुजेची कड आखली. थिएटरमध्ये नेताना पाहिलं तर सूज रेषेच्या दोन बोटं पुढे गेली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण रेषा आखण्याची सवय चांगली असली तरी तिचा गैरवापर फार होतो. रेषा तयारी चालू असताना आखायची. ‘रेषेपुढे जातं का बघू आणि मग ठरवू’ यासाठी आखायची नाही.

छेद घेतला तेव्हा रक्त आलं नाही. राखाडी पाणी आलं आणि सगळ्या थिएटरभर वास पसरला. झिल्ली भिजलेल्या कागदासारखी बोटाला सुटत होती. कातडीवर डाग रुपयाएवढा होता, जखम झाली ती एका बाजूच्या जांघेपर्यंत आणि वर ओटीपोटापर्यंत. कुठे थांबायचं, याचा नियम सोपा आहे. कापल्यावर लाल रक्त येईल आणि बोट थरांत शिरणार नाही, तिथे थांबायचं. कातडी वाचवण्याच्या मोहात मागे राहिलेला एक पट्टा दुसऱ्या दिवशी सगळं परत सुरू करतो. म्हणूनच २४ तासांनी रुग्णाला पुन्हा थिएटरमध्ये न्यायचं, जखम चांगली दिसत असली तरीही. काकांच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी मांडीच्या कडेला आणखी तळहाताएवढा भाग काढावा लागला, तिसऱ्या वेळी थोडासा. चौथ्या वेळी सगळीकडून रक्त आलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा नीट जेवण केलं.

सुरुवात कुठून झाली, हेही शोधावं लागतं. बऱ्याचदा ती गुदद्वाराजवळच्या गळवातून, लघवीच्या मार्गातल्या अडथळ्यातून किंवा कातडीवरच्या साध्या केसतोडातून झालेली असते. गुदद्वाराजवळून झाली असेल आणि विष्ठेने जखम सतत खराब होत असेल, तर काही आठवड्यांसाठी पोटावर शौचाची तात्पुरती वाट काढावी लागते. काकांना ती लागली नाही. त्यांचा उगम केसतोडच होता. सक्शन लावलेलं ड्रेसिंग, नंतर मांडीच्या कातडीचं कलम, असे २९ दिवस ते आमच्याकडे होते.

आता थोडं नावाबद्दल. जाँ आल्फ्रेड फोर्निए हे पॅरिसमधले गुप्तरोगतज्ज्ञ. १८८३ मध्ये त्यांनी पाच तरुणांची हकीकत मांडली. आधी धडधाकट असलेल्या या तरुणांना अचानक जननेंद्रियाचं गँगरीन झालं होतं आणि कारण सापडत नव्हतं. त्यांच्याही आधी, १७६४ मध्ये, बोरिएन नावाच्या फ्रेंच वैद्याने असा एक रुग्ण नोंदवला होता. नाव फोर्निए यांचं राहिलं आणि त्यासोबत एक गैरसमजही राहिला, की हा तरुण पुरुषांना विनाकारण होणारा आजार आहे. आज आपल्यापुढे येणारा रुग्ण बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो, कारण बहुतेक वेळा सापडतं, आणि सोबत सर्वांत जास्त आढळणारा आजार असतो मधुमेह. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात आणि नसांना दुखण्याची खबर देता येत नाही. जंतूंना यापेक्षा सोयीचं घर मिळत नाही.

‘पुरुषांचा आजार’ या समजाची किंमत स्त्रिया मोजतात. त्यांना तो कमी होतो, पण होतो. योनीच्या बाहेरच्या ओठावर आलेलं गळू, प्रसूतीनंतरची टाक्यांची जखम, काट्याने झालेली इजा, यांतून तो सुरू होऊ शकतो. साठीची मधुमेही आजी सुनेला काही सांगत नाही, डॉक्टर पुरुष असला तर त्याला तर नाहीच. सांगते ती एवढंच, की “अंगावर सूज आलीय, चालवत नाही.” अशा वेळी पाहणी घरातल्या किंवा दवाखान्यातल्या बाईनेच करावी, पण ती त्याच दिवशी व्हावी.

रंगाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. वैद्यकाच्या पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. त्यांत आधी लाली, मग जांभळेपणा, मग काळेपणा असा क्रम स्वच्छ दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर, त्यातही आधीच गडद असलेल्या या जागी, लाली दिसतच नाही. ‘लाल नाही म्हणजे संसर्ग नाही’ असं म्हणून डॉक्टरही फसतात. इथे रंगापेक्षा बोट उपयोगी पडतं. कातडी ताणलेली, गरम आणि पुठ्ठ्यासारखी कडक आहे का, हा कडकपणा डागाच्या बराच पुढे जातो का, पाण्याचे किंवा रक्ताळ फोड आलेत का, हे पाहायचं. दुसऱ्या बाजूशी तुलना करायची. आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये अंडकोश उचलून मागे पाहायचं, कारण डाग पुढून दिसत नाही.

घरच्यांसाठी पुस्तिकेत एक वेगळं प्रकरण आहे, पण त्याचं सार इथेच देतो. मधुमेही माणसाच्या या जागी दुखरी सूज आहे, आणि तिच्यासोबत कातडी काळवंडणं, फोड, घाण वास, दिसण्याच्या मानाने फार दुखणं, अचानक बधिर होणं, हुडहुडी, धडधड, गुंगी किंवा बरळणं यांपैकी एकही गोष्ट आहे, तर उद्याच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल ती गाडी काढायची आणि जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्त आणि अतिदक्षता विभाग आहे तिथे जायचं. फोनवर ‘जांघेत गळू’ म्हणायचं नाही. ‘मधुमेह आहे, खाली सूज आहे, कातडी काळी पडतेय’ असं म्हणायचं. गोळ्यांची पट्टी सोबत घ्यायची. शेक, हळदीचं किंवा कांद्याचं पोटीस, चुना, घरी सुई टोचून फोडणं, यांतलं काहीही करायचं नाही. शेकाने बधिर कातडी भाजते आणि पोटीसाखाली रंग दिसत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी सलाईन लावावी, हाताशी असेल ते शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक द्यावं आणि पुढच्या रुग्णालयात स्वतः फोन करावा. त्या फोनने थिएटर अर्धा तास आधी तयार होतं. पण या तयारीसाठी गाडी अडवून ठेवू नये.

पुस्तिकेची पुढची मांडणी याच क्रमाने आहे: कसं ओळखायचं, कुठे फसायला होतं, पहिल्या तासात काय करायचं, शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे कसे जातात. शेवटच्या भागाला थोडी जास्त पानं दिली आहेत. लघवीला बसण्यापासून नवरा-बायकोच्या संबंधांपर्यंतचे प्रश्न रुग्णाच्या मनात असतात आणि ते विचारण्यासाठीही जागा अवघडच असते.

काका दोन महिन्यांनी तपासायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “आता गावातल्या डॉक्टरांकडे जायचं की नाही?” मी जा म्हणालो, आणि त्यांच्या हाती त्या डॉक्टरांना एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत दोष नव्हता, फक्त तारखा, वेळा आणि जखमेची मापं होती. आठवड्याभराने त्या डॉक्टरांचा फोन आला. बराच वेळ ते बोलले नाहीत, मग म्हणाले, “मी बघायला हवं होतं.” त्यानंतर त्यांनी दवाखान्यात पडद्याच्या जागी प्लायवूडची भिंत घातली. अधूनमधून ते मला असा एखादा मधुमेही रुग्ण पाठवतात. बहुतेकांना साधं गळूच असतं. आम्ही ते फोडतो आणि संध्याकाळी घरी पाठवतो. एकदा ते अवघडून म्हणाले, “सर, उगीच तुमच्याकडे पाठवतोय का मी?” मी त्यांना सांगितलं की पाठवत राहा. पाठवलेला प्रत्येक जण खरा निघायला लागला, तर समजा की आपण उशिरा पाठवतोय.